दाढ खरीच येत होती: चौदा महिन्यांच्या मुलीचा अडीच दिवसांचा ताप

पार्श्वभूमी

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून नऊ किलोमीटरवर आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत.

मुलगी 14 महिन्यांची, वजन 8 किलो 200 ग्रॅम. लसी वेळच्या वेळी झालेल्या. आईचं दूध चालू होतं, शिवाय वरणभात, दुधात कुस्करलेली पोळी आणि त्या दिवसांत आंबा. वरचे चार आणि खालचे चार असे पुढचे आठ दात आलेले. वडील नागपूरला बांधकामावर, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. आई सकाळी सहाला शेतात पऱ्हाटीची धसकटं वेचायला जायची आणि अकराच्या आत परतायची. तोवर पोरगी आजीजवळ असायची. घरावर टिनाचं छत, आणि कूलर वीज असेल तेव्हा चालणारा.

आणखी एक गोष्ट होती, पण ती आम्हाला फार उशिरा कळली. मुलीला गेल्या दीड महिन्यापासून तीन-तीन दिवसांनी कडक शौच होत होती. घरच्यांच्या लेखी ते उन्हाळ्यात होतच असतं, म्हणून कुणी बोललं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही.

सोमवार रात्र ते बुधवार दुपार

सोमवारी रात्री आईला पोरीचं कपाळ गरम लागलं. पोरगी कुरकुरत होती, लाळ गळत होती, हाती लागेल ते चावत होती. आजीने तोंडात बोट फिरवून पाहिलं. वरच्या उजव्या बाजूला मागची हिरडी टरारून फुगलेली होती. आजीने लगेच सांगून टाकलं, "दाढ येऊन रायली तिले. दाताचा ताप व्हय तो. माह्या पाचही लेकरायले आला होता."

मंगळवारी सकाळी अंग कोमट होतं, दुपारी पुन्हा तापलं. शेजारच्या मुलाने तालुक्याच्या मेडिकलमधून तापाचं सिरप, हिरडीला लावायचं जेल आणि दाताच्या पांढऱ्या गोळ्या आणून दिल्या. सिरप पॅरासिटामॉलचं होतं, 5 मिलीत 125 मिलिग्रॅम. दुकानात सांगितलं होतं, "अर्धं झाकण, दोन वेळा." म्हणजे एका वेळी अडीच मिली, साधारण 62 मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस वजनाच्या दर किलोमागे 15 मिलिग्रॅम असतो. या मुलीला एका वेळी 123 मिलिग्रॅम, म्हणजे या बाटलीतलं जवळपास पूर्ण 5 मिली लागत होतं. त्यामुळे तिला अर्धाच डोस मिळत होता. ताप थोडा खाली यायचा आणि तीन तासांत पुन्हा चढायचा.

तो थोडा उतरणंच घरात पुरावा ठरलं. औषधाने उतरतो, म्हणजे साधा आहे, दाताचाच आहे. हा तर्क मी दर आठवड्याला ऐकते. पॅरासिटामॉल ताप खाली आणतं, पण ताप कशामुळे आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. न्यूमोनियाचा तापही त्याने उतरतो आणि सर्दीचाही.

बुधवारी दुपारी एकच्या सुमारास आशाताई दुसऱ्या एका बाळंतिणीला भेटायला त्या गल्लीत आल्या होत्या. आईने त्यांना हाक मारली. ताईंनी पिशवीतून डिजिटल थर्मामीटर काढला आणि काखेत लावला. आकडा आला 106.5. पोरगी तर मांडीवर बसून आंब्याची कोय चोखत होती. आजी हसली आणि म्हणाली, "मशीन बिघडली तुमची." ताईंनाही ते पटलं, कारण एवढ्या तापाचं लेकरू असं बसत नाही.

मशीन बिघडलेली नव्हती. बाहेर 44 अंश सेल्सिअस होतं आणि ताईंची पिशवी दीड तास सायकलच्या हँडलला उन्हात लटकत होती. डिजिटल थर्मामीटर सहसा सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो. त्याचं टोक आधीच अंगापेक्षा गरम असेल, तर काखेत ते थंड होत जातं, पण पडद्यावर सुरुवातीचा मोठा आकडाच राहतो. विदर्भात एप्रिलपासून जूनपर्यंत ही चूक घराघरांत होऊ शकते आणि तिचा तोटा दोन्हीकडून आहे. बऱ्या लेकराला ताप दिसतो, आणि खऱ्या तापावरचा विश्वास उडतो. इथे दुसरं घडलं. थर्मामीटर खोटा ठरला आणि त्याच्यासोबत तापही. आणखी सहा तास गेले.

नेमकी अडचण

या प्रकरणात कुणी डोळेझाक केली नाही. आजीचं निरीक्षण अचूक होतं. पहिली दाढ साधारण 13 ते 19 महिन्यांच्या दरम्यान येते, या मुलीला ती येतच होती. चुकला तो पुढचा निष्कर्ष: दाढ येते आहे, ताप आहे, म्हणून ताप दाढेचा आहे.

दात येताना काय होतं, हे बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं आहे. हिरडी लाल होऊन फुगते, लाळ वाढते, मूल चावतं, रात्री चिडचिडं होतं, हनुवटीवर लाळेने पुरळ येतं. अंग किंचित गरमही लागू शकतं. पण ते तापाच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. ही रेषा गुदद्वारातून मोजल्यावर 100.4 अंश फॅरनहाइट धरतात. काखेतला आकडा साधारण एका अंशाने कमी येतो, म्हणून आमच्या आरोग्यसेविका आणि आशाताई काखेत 99.5 पासून ताप धरतात. 2000 साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या पालकांकडून रोजची नोंद ठेवून घेतली होती. दात फुटण्याआधीचे चार दिवस, फुटण्याचा दिवस आणि नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत लाळ, चावणं, किरकिर या तक्रारी थोड्या वाढलेल्या आढळल्या. 102 च्या वरचा ताप मात्र दाताशी जुळला नाही. 2016 साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच आलं: अंग थोडं गरम होतं, ताप येत नाही.

मग आजीच्या पाचही लेकरांना ताप आला होता, ते खोटं का? खोटं नाही. दुधाचे दात वीस. ते सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत येत राहतात. प्रत्येकाचे आठ दिवस धरले तर 160 दिवस होतात. बरेच दात जोडीने येतात म्हणून ऐंशी-शंभर धरू. दोन वर्षांतले एवढे दिवस लेकरू दात काढण्यातच असतं. आणि याच काळात आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरलेली असते, लेकरू रांगतं, जमिनीवरचं तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू झालेलं असतं. वर्षाला पाच-सहा आजारपणं या वयात काही विशेष नाहीत. ही दोन्ही पंचांगं एकावर एक ठेवली की दात आणि ताप एकाच आठवड्यात न येणंच अवघड. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्यूनोंदींत लहान मुलांच्या मरणाचं कारण म्हणून ‘दात येणे’ असं सरळ लिहिलेलं असायचं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही आमच्या आजीसारखंच वाटत होतं.

बुधवार संध्याकाळचा फोन

आशाताईंना चैन पडेना. त्या संध्याकाळी सातला पुन्हा त्या घरी गेल्या. यावेळी पोरगी तासभर अंगणात सावलीत, नुसत्या चड्डीवर बसलेली होती. ताईंनी थर्मामीटरचं टोक माठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसलं, चालू केल्यावर पडद्यावर आधी `Lo` आलेलं पाहिलं, काख कोरडी केली आणि हात छातीशी दाबून धरला. आकडा आला 102.6.

मला ही मोजणी फार महत्त्वाची वाटते. उन्हाने तापलेलं लेकरू कपडे काढून, सावलीत बसवून, पाणी किंवा दूध पाजलं की अर्ध्या तासात बरंचसं निवतं. आजाराचा ताप असा निवत नाही. तासभर सावलीत बसूनही काखेत 102.6 म्हटल्यावर ‘ऊन लागलं’ आणि ‘दात येताहेत’ ही दोन्ही उत्तरं मागे पडली.

ताईंनी मला फोन लावला आणि आईच्या हातात दिला. आई म्हणाली, "आई म्हणते दाताचा व्हय मॅडम, पण मले तसं नाई वाटत जी. ते रात्रीले अंगावर पितच नाई नीट."

मी विचारलं: दूध किंवा पाणी घेते का? घेते, पण कमी. सगळं उलटून टाकते का? नाही, दुपारी एकदा ओकली. झटका आला का? नाही. हाक मारली की बघते का, उठवली की उठते का? हो. श्वास? ताईंनी मिनिटभर पोट पाहून मोजला, 36 भरला. वर्षाच्या वरच्या लेकराचा श्वास शांत असताना मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त झाला की आम्ही सावध होतो. अंगावर पुरळ, खोकला, सर्दी, जुलाब? यातलं काहीच नाही. लघवी? "कमीच होते जी, पण ऊन किती हाय!"

मी तिथेच थांबले. उन्हाळ्यात लघवी कमी होते, हे मलाही पटलं. लघवी करताना रडते का, वास वेगळा येतो का, हे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा आई लगेच बोलली. दोन दिवसांपासून पोरगी लघवीच्या वेळी अंग आक्रसून रडत होती, लंगोटाला उग्र वास येत होता. पण घरात ते उन्हाच्या खाती जमा झालं होतं.

पर्याय कोणते होते

फोनवर माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, रात्रीच 108 ची गाडी पाठवून जिल्ह्याला नेणं. दुसरी, तापाचं औषध नीट डोसात द्यायला सांगून सकाळी केंद्रावर बोलावणं. तिसरी, घरात आधीच आलेली सूचना: उद्या तालुक्याहून अँटिबायोटिकचं सिरप आणून सुरू करणं.

तिसरी वाट गावात सर्रास चालते आणि तिचं आकर्षण मला समजतं. बस नाही, मजुरी बुडत नाही, दोनेकशे रुपयांत काम होतं. पण कारण सापडण्याआधी दिलेले दोन-तीन डोस लघवीतले जंतू दाबून टाकतात. मग तपासणी कोरी येते, ताप चार दिवस थांबून पुन्हा येतो आणि तेव्हा कशावर उपचार करायचा हेच कळत नाही. म्हणून मी तिला स्पष्ट नाही म्हटलं.

पहिल्या आणि दुसऱ्यात मी दुसरी निवडली. लेकरू पीत होतं, बघत होतं, श्वास ठीक होता. मात्र त्यासोबत ताईंना आणि आईला एक अट सांगितली. रात्री पिणं पूर्ण थांबलं, प्रत्येक घोट ओकून टाकला, झटका आला, उठवूनही नीट जागी होत नाही असं वाटलं, श्वास जोरात चालू लागला किंवा आठ तास लघवीच झाली नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही, 108 लावायचा. सिरप पूर्ण 5 मिली, सहा तासांनी, दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा नाही. जेल आणि पांढऱ्या गोळ्या बंद.

जेलबद्दल आजीने फोनवरूनच आक्षेप घेतला, "हिरडीले थंड वाटते ना त्यानं." वाटतं खरं. पण दातांच्या काही जेलमध्ये सॅलिसिलेट असतं, काहींत बधिर करणारं औषध. लाळेसोबत ते पोटात जातं, वर आणखी किती लावलं याचा हिशेब राहत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना बेंझोकेन असलेली जेल लावू नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये बजावलं, कारण त्याने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच कमी होते. स्वच्छ बोटाने हिरडी चोळणं किंवा माठाच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं चावायला देणं, एवढं दाढेसाठी पुरेसं असतं.

गुरुवार सकाळ

साडेआठला आई आणि आजी दोघी आल्या. ताप 101.8. मी तोंड उघडून पाहिलं. उजव्या वरच्या दाढेचं पांढरं टोक हिरडीतून नुकतंच डोकावत होतं. कबूल करते, त्या क्षणी माझा हात केसपेपरवर ‘दात’ लिहायला गेला. बाहेर चाळीस जणांची रांग होती आणि दिसणारं कारण समोर होतं.

मग क्रमाने तपासलं. घसा साफ, कान साफ, छाती साफ, मान मऊ, पुरळ नाही. मलेरियाची झटपट चाचणी निगेटिव्ह. पोट मऊ, पण डाव्या बाजूला खाली घट्ट शौचाचे गोळे हाताला लागत होते. ताप 60 तासांचा आणि जागा सापडत नाही. दोन वर्षांखालच्या मुलीला 102 च्या वर ताप असेल आणि तपासून कारण सापडत नसेल, तर लघवी तपासल्याशिवाय तिला घरी पाठवायचं नसतं. मुलींचा लघवीचा मार्ग आखूड असतो आणि कडक शौचाने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. या वयात लघवीच्या मार्गाच्या संसर्गाला ‘जळजळ होते’ असं सांगणारं तोंड नसतं. ताप, किरकिर, कमी पिणं, एखादी ओकारी, एवढंच दिसतं. दात येण्याच्या वर्णनाशी हे किती जुळतं ते पाहा.

लघवी गोळा करणं हेच खरं काम होतं. चिकटवायची पिशवी आमच्याकडे होती, पण तिच्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. पिशवीतली लघवी साफ निघाली तर दिलासा मिळतो, खराब निघाली तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून नर्सताईंनी जागा साध्या पाण्याने धुतली, पोरीला दूध पाजलं, आईच्या मांडीवर पाय मोकळे ठेवून बसवलं आणि थंड पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओटीपोटावर हळूहळू गोल चोळत राहिल्या. निर्जंतुक डबी हातात तयार. पहिली धार जाऊ द्यायची, मधली पकडायची. पहिल्यांदा पोरीने ती आईच्या लुगड्यावर सोडली. दुसऱ्यांदा, चाळीस मिनिटांनी, डबीत आली.

लघवी गढूळ होती. आमच्या तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एका दृष्टिक्षेत्रात पंचवीस-तीस पू-पेशी. एवढ्याने निदान जवळपास ठरलं, पक्कं करायला कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लागणार होती आणि ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, 46 किलोमीटरवर.

इथे पुन्हा उन्हाचा प्रश्न आला. लघवीचा नमुना एरवी तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, नाहीतर 4 अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो. 44 अंशांच्या दुपारी गाडीत तो तसाच गेला तर डबीतले दोन-चार जंतूही वाढत वाढत हजारांवर जातात आणि निकाल खोटा येतो. बर्फाच्या थर्मासमध्ये पाठवता आला असता (लसींच्या डब्यात नाही, तो लसींसाठीच). मी ठरवलं की नमुना पाठवण्यापेक्षा लेकरूच पाठवू. तिथे नळीने ताजी लघवी घेतील आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करतील.

आणि पहिला डोस इथेच द्यावा का? लेकरू मलूल असतं, पीत नसतं, तर एक मिनिटही न थांबता दिला असता, कल्चर गेलं तरी चाललं असतं. ते पीत होतं, गाडी तयार होती, दीड तासाचा प्रश्न होता. थांबलो. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ताप सोमवार रात्रीपासून, अँटिबायोटिक दिलेलं नाही, पू-पेशी 25-30.

आजी गाडीत बसताना म्हणाली, "दाढ तं दिसली ना तुमाले?" मी म्हटलं, "दिसली आजी. तुमचं बरोबर आहे, दाढ येतेय. ताप दुसऱ्याचा आहे." यावर ती काही बोलली नाही, पण गाडीत बसली. माझ्या मते तिचं अर्धं म्हणणं मान्य केल्यामुळेच बसली. आजीला खोटं पाडलं असतं, तर सून आणि मी एकीकडे आणि ती दुसरीकडे, असा सामना झाला असता आणि गाडी अर्धा तास तिथेच उभी राहिली असती.

पुढे काय झालं

गुरुवारी दुपारी नळीने लघवी घेऊन इंजेक्शन सुरू झालं. ताप सुरू झाल्यापासून जवळपास 66 तास झाले होते. शुक्रवारी रात्री शेवटचा ताप, शनिवारी सकाळपासून नाही. शनिवारी संध्याकाळी कल्चर आलं: ई. कोलाय, मिलिलिटरला एक लाखाच्या वर, चालू औषधाला दाद देणारे. तीन दिवस इंजेक्शन, मग तोंडाने, एकूण दहा दिवस. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आणि मूत्राशय ठीक. कडक शौचासाठी वेगळं औषध आणि दिवसभर थोडं थोडं पाणी.

66 तास हा आकडा मला टोचतो. अशा संसर्गात उपचार दोन-तीन दिवसांपलीकडे लांबला की किडनीवर कायमचा व्रण राहण्याची शक्यता वाढत जाते. ही मुलगी त्या उंबरठ्यावर पोहोचली होती. सोनोग्राफी ठीक आली म्हणून व्रण नाहीच असं म्हणता येत नाही, बारीक व्रण तिच्यात दिसत नाहीत. म्हणून घरच्यांना सांगून ठेवलं आहे की या मुलीला पुढे कधीही विनाकारण ताप आला तर पहिल्याच दिवशी लघवी तपासायची.

काय वेगळं करता आलं असतं

सोमवारी रात्री दवाखाना गाठायला हवा होता, असं मी म्हणणार नाही. 14 महिन्यांचं लेकरू खेळतं आहे, पितं आहे, एका रात्रीचा ताप आहे, तर घरी थांबणं योग्यच. तीन महिन्यांखालचं बाळ असतं तर गोष्ट वेगळी. त्या वयात ताप एवढं एकच कारण लगेच दवाखान्यात नेण्यास पुरेसं आहे आणि तेव्हा दातांचा विचारही करायचा नाही.

वळण हुकलं ते मंगळवारी रात्री. तोवर 24 तास झाले होते, आणि दोन वर्षांखालच्या लेकराचा ताप 24 तास टिकला आणि सर्दी-खोकल्यासारखं काही दिसत नसलं, तर डॉक्टरला निदान फोन तरी व्हायला हवा. आशाताई गावातच होत्या, 104 वर आरोग्य सल्ला मिळतो. फोन झाला नाही, कारण घरात थर्मामीटर नव्हता आणि हाताने ‘गरम’ एवढंच कळत होतं. 99 की 102 हे हाताला सांगता येत नाही, आणि दात की आजार हा फरक नेमका त्या दोन आकड्यांमध्ये असतो.

बुधवारी दुपारी 106.5 आल्यावर आकडा खोटा मानण्याऐवजी टोक थंड करून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजता आलं असतं. यात ताईंचा दोष नाही. त्यांना प्रशिक्षणात थर्मामीटर काखेत कसा लावायचा हे शिकवलं होतं, पण 44 अंशांत काय करायचं ते नाही. ते शिकवणं माझं काम होतं. आता आमच्या भागातल्या आशाताई उन्हाळ्यात थर्मामीटर ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवतात आणि आधी `Lo` दिसल्याशिवाय काखेत लावत नाहीत.

माझी स्वतःची चूक फोनवरच्या त्या दोन न विचारलेल्या प्रश्नांची. ते विचारले असते तरी बहुधा मी सकाळीच बोलावलं असतं. पण आईला लंगोटाचा वास आणि रडणं लक्षात ठेवायला सांगितलं असतं, आणि गुरुवारी ‘दात’ लिहायला गेलेला हात मधेच थांबवायची वेळ आली नसती.

तीन आठवड्यांनी डाव्या बाजूची वरची दाढ आली. तीच लाळ, तीच किरकिर, दोन रात्री झोप नाही. आईने यावेळी घरातल्या नव्या थर्मामीटरने दिवसातून दोनदा मोजलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. सर्वांत मोठा आकडा 99.1. आजीने तो कॅलेंडरचा कागद फाडून आशाताईंच्या हाती माझ्याकडे पाठवला. सोबत निरोप होता: "मॅडमले सांग, हे दाढेचं व्हय."